भाडं आणि एफडी बायकोच्या नावावर केली तर कर खरंच वाचतो का?

वाकडकर

नमस्कार मंडळी. रिटर्न भरायचे दिवस आलेत म्हणून विचारतोय.

मी आयटीत, वर्षाचा पगार ३२ लाख. बायको खासगी शाळेत शिक्षिका, तिचा पगार वर्षाला ५ लाख ४० हजार. दोघेही नव्या करप्रणालीत. वाकडला एक फ्लॅट २०१९ मध्ये घेतला, करारनाम्यावर दोघांची नावं आहेत. कर्ज फिटलंय. भाडं महिना २८ हजार, ते माझ्या खात्यात येतं आणि मीच सगळं दाखवतो. शिवाय माझ्या नावावर २० लाखांची एफडी, ७ टक्क्यांची, सप्टेंबरात मोडते आहे.

मी केलेला हिशेब असा. भाडं वर्षाला ३,३६,०००. महापालिकेचा मिळकतकर १६,००० वजा केला की ३,२०,०००. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे करपात्र २,२४,०००. एफडीचं व्याज १,४०,०००. माझा दर सेस धरून ३१.२ टक्के, म्हणजे या दोन्हींवर मी जवळपास १,१३,५०० रुपये कर भरतो.

हेच उत्पन्न बायकोच्या नावावर गेलं तर तिचा पगार वजावटीनंतर ४,६५,०००, त्यात ही दोन्ही मिळवली तरी ८,२९,०००. बारा लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य! ऑफिसातला एक जण गेली काही वर्षं हेच करतोय. भाडेकरूला सांगायचं की यापुढे मॅडमच्या खात्यात टाका, आणि एफडी मोडली की पैसे तिच्या खात्यात वळवून तिच्या नावाने नवी करायची. एवढं सोपं आहे का, की कुठेतरी मेख आहे?

सदाशिवपेठी

फार विचार करू नका हो. नवरा-बायकोत गिफ्टवर कर नाही, कितीही रक्कम असो. फ्लॅटचं बक्षीसपत्र करा, महाराष्ट्रात राहत्या घरासाठी पत्नीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. वर थोडा स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. आमच्याकडे २०२२ ला केलं. आता भाडं हिच्या रिटर्नमध्ये, कर शून्य. आजवर एक नोटीस नाही.

हिशेबनीस

सदाशिवपेठी, तुमची पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत आणि लोक नेमके तिथेच थांबतात. बक्षीस मिळाल्याबद्दल बायकोला कर नाही. पण त्या बक्षिसातून पुढे जे उत्पन्न येईल ते कोणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, हा प्रश्न वेगळा आहे. उत्तर आहे: देणाऱ्याच्या. यालाच क्लबिंग म्हणतात. आयकर कायद्याचं कलम ६४. घराच्या बाबतीत कलम २७ आणखी पुढे जातं. पुरेसा मोबदला न घेता घर जोडीदाराला दिलं, तर करासाठी मालक अजूनही देणाराच धरला जातो. नोंदणी, बक्षीसपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं बायकोच्या नावाने झालं तरी भाड्यावरचा कर नवऱ्याचाच.

भाडं कोणाच्या खात्यात येतं यावर काहीच ठरत नाही. भाडेकरूने उद्या तुमच्या शेजाऱ्याच्या खात्यात टाकलं तरी कर मालकाचाच.

एफडीचंही तेच. २० लाख तुमचे, तिच्या नावावर ठेवले, तर १,४०,००० व्याज तुमच्या रिटर्नमध्ये, तुमच्याच दराने. पॅन तिचा लागला एवढाच फरक.

नोटीस आली नाही म्हणजे बरोबर झालं असं नाही. एका वर्षात एकाच व्यक्तीच्या नावे १० लाख किंवा त्याहून जास्त एफडी झाल्या की बँक ते आयकर खात्याला कळवते. पाच लाख पगाराच्या पॅनवर २० लाखांची एफडी दिसली की 'पैसे आले कुठून' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. उत्तर 'नवऱ्याने दिले' असं असेल तर पुढचा प्रश्न नवऱ्याच्या रिटर्नवर जातो. उत्पन्न कमी दाखवलं ठरलं तर वाचवलेल्या कराच्या ५० टक्के दंड, आणि मुद्दाम चुकीचं दाखवलं ठरलं तर २०० टक्के.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यामुळे पुढच्या वर्षीपासून कलमांचे नंबर वेगळे दिसतील. क्लबिंगचं तत्त्व मात्र तसंच आहे. आत्ता भरायचं २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच कायद्याने.

सदाशिवपेठी

म्हणजे आमच्या सीएने चुकीचं केलं म्हणता? तो पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतोय.

हिशेबनीस

तुमच्या पत्नीने फ्लॅटमध्ये काही स्वतःचे पैसे घातले होते का, हे मला माहीत नाही, म्हणून तुमच्या सीएंबद्दल बोलत नाही. नुसतं बक्षीसपत्र असेल तर भाडं तुमचं. त्यांनाच 'कलम २७ चं काय?' एवढं विचारा.

निवृत्त_नाना

चांगला विषय. माझी पेन्शन आणि एफडी मिळून बरंच होतं. मी ८ लाख सुनेच्या नावावर ठेवावेत असं चाललंय, ती घरीच असते. मुलाचा पगार मोठा, त्यामुळे त्याच्या नावावर काही फायदा नाही. सुनेला बायकोचा नियम लागणार नाही ना?

हिशेबनीस

नाना, सुनेलाही लागतो. कायद्यात सुनेचा वेगळा उल्लेख आहे, व्याज तुमच्याच रिटर्नमध्ये येईल. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलं तर क्लबिंग नाही, ते पैसे आणि ते व्याज त्यांचं. मुलगी कमी उत्पन्नाची असेल तर तो रस्ता मोकळा आहे, पण मग ते पैसे तिचे झाले हे मनाशी पक्कं करून द्या.

निवृत्त_नाना

मुलगी अमेरिकेत. राहू दे मग.

रेवती_ठाणे

आता माझ्या पोटात गोळा आलाय. मी गृहिणी. २०२१ मध्ये नवऱ्याने मला १० लाख दिले, मी पाच वर्षांची एफडी केली, व्याज मुदत संपली की एकदमच मिळणारी. दरवर्षी व्याज माझ्या रिटर्नमध्ये दाखवून शून्य कर. बँक टीडीएस कापते तो परत मागते, मिळतो. म्हणजे हे सगळं चुकीचं?

हिशेबनीस

रेवतीताई, मूळ १० लाखांवरचं व्याज यजमानांच्या रिटर्नमध्ये यायला हवं होतं. पण सगळं नाही, आणि इथे थोडं तुमच्या बाजूने आहे.

समजा ७ टक्के. पहिल्या वर्षीचे ७०,००० हे त्यांनी दिलेल्या पैशाचं उत्पन्न, ते त्यांच्यात क्लब होतं. पण ते ७०,००० एकदा तुमच्या हातात आले की तुमचे. ते पुन्हा गुंतवून पुढच्या वर्षी त्यावर जे ४,९०० येतील, ते तुमचं उत्पन्न. मूळ दहा लाखांवरचे ७०,००० दुसऱ्या वर्षीही त्यांच्यातच जातील. म्हणजे व्याजावरचं व्याज तुमचं. सुरुवातीला ही रक्कम नगण्य वाटते, पण दहा-बारा वर्षांत ती चांगली वाढते.

तुमची अडचण अशी की एफडी क्युम्युलेटिव्ह आहे. बँक दोन्ही व्याजं एकत्रच दाखवते, त्यामुळे दरवर्षी कागदावर वेगळं काढत बसावं लागतं. नव्याने करताना व्याज दर तिमाहीला बाहेर काढणारी एफडी घ्या. ते व्याज तुमच्या एका वेगळ्या बचत खात्यात येऊ द्या आणि त्या खात्यात दुसरं काही मिसळू नका. त्या खात्यातून केलेली आरडी किंवा एफडी पूर्ण तुमची.

मागच्या वर्षांसाठी यजमानांना अद्ययावत रिटर्न भरता येतं, आयटीआर-यू. आता त्याची मुदत चार वर्षांपर्यंत आहे. जितका उशीर तितका ज्यादा कर: पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६०, ७०. रक्कम मोठी नाही, एकदा सीएकडे बसून निकालात काढा.

आणि टीडीएस तुमच्या पॅनवर कापला जात असेल, तर उत्पन्न यजमानांकडे आणि टीडीएस तुमच्याकडे असा घोळ होतो. आयटीआर-२ मध्ये टीडीएसच्या तक्त्यात 'दुसऱ्याच्या पॅनवर कापलेला' असा रकाना असतो, तिथे तुमचा पॅन टाकून ते क्रेडिट घेऊ शकतात. क्लब केलेलं उत्पन्न शेड्यूल एसपीआयमध्ये जातं. साधं आयटीआर-१ भरणाऱ्यांना हे रकाने दिसतच नाहीत, म्हणून बहुतेकांना ठाऊक नसतात.

रेवती_ठाणे

धन्यवाद. आज रात्री घरी 'शेड्यूल एसपीआय' हा शब्द उच्चारणार आहे. जेवण झाल्यावर.

मडगांवचो

तुमची चर्चा वाचून मजा वाटते. आमच्या गोव्यात हा घोळच नाही. आमच्याकडे लग्न झालं की मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, पोर्तुगीज काळापासूनचा कायदा. आयकर कायद्यातही त्यासाठी कलम ५ए आहे. माझं भाडं, एफडीचं व्याज, शेअरमधला नफा, सगळं अर्धं माझ्या रिटर्नमध्ये आणि अर्धं बायकोच्या. पगार मात्र ज्याचा त्याचाच, तो वाटता येत नाही. दुकानदार शेजाऱ्याचं तर धंद्याचं उत्पन्नसुद्धा निम्मं वाटलं जातं. रिटर्नमध्ये शेड्यूल ५ए असतं, तिथे जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो.

वाकडकर

अरे वा! म्हापशाला आमचा एक छोटा फ्लॅट आहे, सुट्टीत भाड्याने देतो. म्हणजे त्याचं भाडं तरी निम्मं वाटता येईल?

मडगांवचो

ना रे बाबा. फ्लॅट कुठे आहे त्यावर नाही, तुमचं लग्न कुठल्या कायद्याखाली येतं त्यावर आहे. पुण्यातल्या माणसाने गोव्यात घर घेतलं म्हणून तो गोंयकार होत नाही. उलट मी पुण्यात फ्लॅट घेतला तरी त्याचं भाडं आम्हा दोघांत निम्मंच वाटलं जाईल. लग्नाआधी वेगळा करार करून मालमत्ता स्वतंत्र ठेवली असेल तर गोष्ट निराळी.

कॉफीकाका

मग माझं काय? मी सांगलीचा, बायको फोंड्याची, लग्न गोव्यात नोंदवलं, राहतो बंगळुरात.

हिशेबनीस

याचं उत्तर इथे देण्यात अर्थ नाही. गोव्यातल्या नागरी कायद्याची माहिती असलेल्या वकिलाकडून आधी 'आम्हाला कम्युनियन, म्हणजे ही निम्म्या-निम्म्या मालमत्तेची पद्धत, लागू आहे का' हे लेखी घ्या, मग रिटर्नचा विचार. स्वतःच ठरवून ५ए भरू नका.

वाकडकर

ठीक, म्हणजे ऑफिसातल्या मित्राला सांभाळून राहायला सांगतो. पण मग काहीच करता येत नाही का? बायकोचा बारा लाखांपर्यंतचा कोटा दरवर्षी वाया जातोय.

हिशेबनीस

करता येतं, पण ते तुमचे पैसे तिच्याकडे ढकलून होत नाही. तिचे पैसे तिच्या नावाने साठवून होतं. दोन प्रश्न विचारतो. एक, तिचा पगार सध्या कुठे जातो? दोन, २०१९ मध्ये वाकडच्या फ्लॅटसाठी बिल्डरला जे पैसे गेले त्यातला एकही रुपया तिच्या खात्यातून गेला होता का?

वाकडकर

तिच्या हातात महिना साधारण ४० हजार येतात. किराणा, मुलीची शाळेची फी, कामवाल्या मावशी, भाजी, दूध, सगळं तिच्या खात्यातून. माझ्या पगारातून ४० हजारांची एसआयपी जाते आणि उरलेलं एफडीत.

फ्लॅटचं सगळं मीच भरलं. कर्ज ४० लाख, हप्ते माझ्या खात्यातून. किंमत मुद्रांक वगैरे धरून ६० लाख.

हिशेबनीस

पहिल्या उत्तरातच तुमचा सगळ्यात मोठा तोटा आहे. कमी कर भरणाऱ्याचा पगार तुम्ही खाऊन टाकताय आणि जास्त कर भरणाऱ्याचा पगार गुंतवताय. हे उलटं करा. घरखर्च तुमच्या खात्यातून, तिचे ४० हजार पूर्णपणे तिच्या नावावर गुंतवणुकीत. घर चालवण्यासाठी नवऱ्याने केलेल्या खर्चावर क्लबिंग लागत नाही, कारण त्यातून उत्पन्न देणारी मालमत्ता तयारच होत नाही. खाल्लेल्या भाजीवर व्याज येत नाही.

वर्षाला ४,८०,०००. पाच वर्षांत मुद्दलच २४ लाख. त्यावर ७ टक्क्यांनी वर्षाला १,६८,००० व्याज. हेच तुमच्या नावावर असतं तर कर सुमारे ५२,४०० रुपये प्रतिवर्षी. तिच्याकडे शून्य. एफडी असो वा फंड, तत्त्व एकच. इक्विटी फंड घेतले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्याची सूट तिची वेगळी मिळते, कारण पैसे तिचे आहेत. तुमच्या पैशाने तिचं डीमॅट उघडलं तर नफा तुमच्यातच येतो आणि तुमचीच सूट वापरली जाते, दुसरी मिळत नाही. एक लक्षात ठेवा, सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर बारा लाखांची सवलत लागत नाही. एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असलं तरी साडेबारा टक्के द्यावेच लागतात.

चिंचवडची

हे आम्ही लग्नापासून करतो आणि यासाठी कोणा सीएची गरज नाही, फक्त सासूबाईंना समजावावं लागतं की सून घरात पैसे का देत नाही.

वाकडकर

हे आवडलं. बायकोला विचारून सांगतो.

आणि थांबा. तिला विचारलं तर ती म्हणते, बिल्डरला बुकिंगचे १२ लाख तिच्या खात्यातून गेले होते! तिच्या आधीच्या नोकरीतला पीएफ आणि बचत ५ लाख, आणि तिच्या बाबांनी दिलेले ७ लाख. उरलेले ८ लाख माझे आणि ४० चं कर्ज.

हिशेबनीस

मग हे आधी सांगायला हवं होतं. वडिलांनी मुलीला दिलेल्या पैशावर क्लबिंग नाही, ते तिचे. पीएफही तिचाच. म्हणजे ६० पैकी १२ लाख तिचे, २० टक्के. फ्लॅटच्या करपात्र २,२४,००० मधले ४४,८०० हे आजही तिचंच उत्पन्न आहे. त्यावर तुमच्या दराने कर सुमारे १४ हजार, तो तुम्ही गेली वर्षं विनाकारण भरलात.

सदाशिवपेठी

२० टक्के का? करारनाम्यावर दोघांची नावं आहेत, हिस्सा लिहिलेला नाही, म्हणजे निम्मं-निम्मं. शिवाय कर्ज फेडताना तिच्या पगारातून घर चाललं म्हणूनच यांना हप्ते भरता आले. नैतिकदृष्ट्या अर्धं तिचंच.

हिशेबनीस

नैतिकदृष्ट्या मी तुमच्याशी सहमत आहे. करात मात्र पैशाचा माग बघतात. करारात हिस्सा लिहिलेला नसताना काही जण निम्मं धरतात आणि ते चालूनही जातं, पण कोणी विचारलं आणि बँक स्टेटमेंट ८०-२० दाखवत असेल तर जादा ३० टक्के नवऱ्याने दिलेलं धरून पुन्हा त्याच्याकडे येतं. 'तिने किराणा भरला म्हणून मी हप्ता भरला' हा युक्तिवाद कागदावर सिद्ध करणं अवघड. मी स्वतः २० च घेईन.

ताळेबंद

मी इथे असहमत. मीही याच क्षेत्रात. दोघेही सहकर्जदार असतील, दोघांचे पगार वर्षानुवर्षं एकमेकांच्या खात्यांत फिरत असतील, तर घरखर्चाचा वाटा मांडून जास्त हिस्सा दाखवण्याची बाजू मी घेतली आहे आणि ती मान्यही झाली आहे. पण त्यासाठी पहिल्या वर्षापासून तसंच दाखवलेलं असावं लागतं. इथे सात वर्षं नवऱ्याने १०० टक्के भाडं स्वतःचं म्हणून दाखवलंय. आता अचानक ५० म्हणणं कठीण, २० चं निदान कागद आहेत.

हिशेबनीस

हप्ते फक्त यांच्या खात्यातून गेलेत, म्हणून म्हटलं. बाकी पटलं.

वाकडकर, मागच्या वर्षांचा कर परत मिळवायला अद्ययावत रिटर्न उपयोगी नाही, कर कमी करण्यासाठी ते भरता येत नाही. त्यामुळे इथून पुढचं बघा. २०१९ चं तिच्या खात्याचं स्टेटमेंट, बाबांच्या खात्यातून आलेल्या ७ लाखांची नोंद, बिल्डरच्या पावत्या एका फाइलीत ठेवा. बाबांकडून एक साधं बक्षीसाचं कबुलीपत्र करून घ्या, त्यात रक्कम, तारीख आणि चेक किंवा हस्तांतरणाचा नंबर. पुढच्या वर्षीचा लीव्ह अँड लायसन्स करार दोघांच्या नावाने करा आणि भाडं ८०-२० दोन खात्यांत घ्या. खात्यामुळे कर ठरत नाही हे वर म्हटलंय, पण कागद आणि पैसा एकाच दिशेने जात असले की कोणाला उत्तर देणं सोपं.

वाकडकरची_बायको

मीच ती. नवऱ्याने लिंक पाठवली म्हणून आले. ४० हजार माझ्या नावावर जाणार याला माझी काहीच हरकत नाही, पण एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते. कर वाचवायला 'तिचे' आणि गाडी घ्यायची वेळ आली की 'आपले', असं चालणार नाही.

आणि यांना परवा कोणीतरी सांगितलं की माझं लग्नातलं सोनं आणि यांची एफडी यांची अदलाबदल केली तर क्लबिंग लागत नाही. हे खरं आहे का? खरं असलं तरी सोन्याला मी हात लावू देणार नाही, पण माहिती हवी.

हिशेबनीस

खरं आहे, ताई. पुरेशा मोबदल्यात दिलेल्या मालमत्तेवर क्लबिंग नाही. पण तोटा बघा. समजा सोन्याची आजची किंमत १२ लाख आणि तुमच्या आईने ते घेतलं तेव्हा ३ लाख. अदलाबदल म्हणजे कायद्याने विक्रीच. ९ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि सेस, १,१७,००० कर तुम्हाला. बदल्यात १२ लाखांच्या एफडीचं व्याज ८४,००० तुमच्याकडे येईल, त्यातून कुटुंबाचे वाचतील वर्षाला २६,२०० च्या आसपास. नुसता खर्च भरून निघायला साडेचार वर्षं. शिवाय त्या वर्षी तुमचं एकूण उत्पन्न बारा लाखांवर जाईल, तर पगारावरची सवलतही हातची जाईल. हात लावू नका, बरोबर आहे तुमचं.

कॉफीकाका

कर्जाचं काय? बायकोला गिफ्ट न देता कर्ज द्यायचं. कर्ज म्हणजे काही मालमत्ता देणं नव्हे.

ताळेबंद

चालतं, पण खरंखुरं कर्ज असेल तर. लेखी करार, परतफेडीची तारीख, बाजाराच्या आसपासचं व्याज, आणि ते व्याज दरवर्षी बँकेतून तुमच्या खात्यात आलेलं दिसलं पाहिजे. ते व्याज तुमच्या रिटर्नमध्ये, तुमच्या दराने. आता ७ टक्क्यांनी कर्ज देऊन तिने ७ टक्क्यांची एफडी केली तर वाचलं काय? काहीच नाही. कर्जापेक्षा जास्त परतावा मिळेल तिथेच अर्थ, आणि तिथे धोकाही तिचा.

कॉफीकाका

आणि बिनव्याजी दिलं तर?

हिशेबनीस

मी करणार नाही. आयकर अधिकारी त्याला गिफ्टच म्हणण्याची शक्यता मोठी.

ताळेबंद

मी करेन. वेळच्या वेळी परतफेड झालेली असेल तर कर्ज ते कर्जच, व्याज घ्यायलाच हवं असं कुठे म्हटलंय? पण वाद होईल, आणि तो वाद लढवायची तयारी हवी. पगारदार माणसाने वीस-पंचवीस हजारांसाठी अपिलात जाऊ नये.

वाकडकर

मग सप्टेंबरच्या २० लाखांचं काय करू? माझ्याच नावावर परत?

ताळेबंद

माझ्या मते त्यातले दीड लाख दरवर्षी तिच्या पीपीएफमध्ये टाका, खातं नसेल तर उघडा. सध्या दर ७.१ टक्के. पीपीएफचं व्याज मुळातच करमुक्त, त्यामुळे क्लब होऊनही कोणाला कर लागत नाही. तुमच्या खात्याची दीड लाखांची मर्यादा वेगळी, तिची वेगळी. फक्त पंधरा वर्षांनी ते पैसे बाहेर पडून एफडीत गेले की तुम्ही घातलेल्या मुद्दलावरचं व्याज पुन्हा तुमच्यात येऊ लागेल, रूप बदललं तरी मूळ पैसा तुमचाच धरतात. साठलेल्या व्याजाचा भाग तिचा. उरलेले साडेअठरा लाख तुमच्याच नावावर ठेवा आणि कर भरा.

वाकडकरची_बायको

पीपीएफ आहे माझं, २०१६ पासून. फक्त ५०० रुपये भरून जिवंत ठेवलंय. यावर्षीचे दीड लाख ५ एप्रिलच्या आत भरले असते तर पूर्ण वर्षाचं व्याज मिळालं असतं ना?

ताळेबंद

हो. आता भरले तर उरलेल्या महिन्यांचंच. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा म्हणजे तो महिना तरी धरला जाईल.

सदाशिवपेठी

सीएला फोन केला. 'भेटायला या' म्हणाला. फोनवर बोलायला तयार नाही.